पंख उचलतो, इंजिन ओढतं

२३ जुलै १९८३ च्या संध्याकाळी एअर कॅनडाचं एक बोइंग ७६७ विमान ४१,००० फुटांवरून एडमंटनकडे चाललं होतं. आत ६१ प्रवासी आणि ८ कर्मचारी होते. कॅनडात त्या सुमारास पौंड जाऊन किलो येत होते, आणि या विमानात इंधन भरताना किलोच्या हिशोबात पौंडांचा गुणक वापरला गेला. हवं होतं २२,३०० किलो इंधन; टाक्यांत त्याच्या निम्म्याहूनही कमी पडलं. निम्म्या वाटेत आधी डावं इंजिन बंद पडलं आणि थोड्याच वेळात उजवंही.

कॅप्टन बॉब पिअर्सन सुट्टीच्या दिवशी ग्लायडर उडवायचे. विमान सर्वांत लांब जाईल असा वेग त्यांनी अंदाजाने ठरवला, ताशी सुमारे ४०० किलोमीटर, आणि तो सोडला नाही. शेजारी बसलेल्या मॉरिस क्विंटल यांनी विनिपेगच्या रडारवाल्यांकडून अंतर घेतलं, उंची पाहिली आणि गणित मांडलं. विमान ५,००० फूट उतरेपर्यंत १० सागरी मैल पुढे गेलं होतं, म्हणजे एक मीटर खाली येताना बारा मीटर पुढे. या हिशोबाने विनिपेग गाठणं शक्य नव्हतं. गिमली इथला वायुदलाचा जुना, बंद झालेला तळ मात्र टप्प्यात होता. इंधन संपल्यानंतर सतरा मिनिटांनी विमान तिथे उतरलं. पुढचं चाक नीट बसलं नव्हतं म्हणून नाक धावपट्टीवर घासलं, पण जीव कुणाचाच गेला नाही.

हे ऐकल्यावर बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो: दोन्ही इंजिनं बंद पडल्यावर एवढं अवजड विमान दगडासारखं कोसळलं कसं नाही? या प्रश्नामागे एक पक्की समजूत आहे, की विमानाला हवेत धरून ठेवतं ते इंजिन. ती समजूत चुकीची आहे. विमानाला हवेत धरतो तो पंख. इंजिनाचं काम वेगळं, आणि बरंच हलकं आहे. ते काय, हे कळलं की ग्लायडरचं कोडं जवळजवळ सुटतंच.

सुरुवात हवेपासून करू. हवा हाताला लागत नाही म्हणून आपण तिला वजन नाहीच असं धरून चालतो. जमिनीलगतच्या एक घनमीटर हवेचं वजन सुमारे १.२ किलो भरतं. पंख हवेतून पुढे जातो तेव्हा तो थोडा तिरपा, पुढची कड किंचित वर अशा बेताने जात असतो, आणि त्याचा आकारही असा असतो की दोन्ही बाजूंनी वाहणारी हवा मागे निघताना खाली वळते. खालची हवा पंखाच्या पोटाला अडून खाली ढकलली जाते, हे सहज पटतं. मोठा वाटा मात्र वरच्या हवेचा असतो. ती पंखाच्या पाठीला धरून, तिच्या वळणाप्रमाणे वळत, मागच्या कडेवरून खाली उतरते. पंख हवेला खाली लोटतो आणि हवा पंखाला तेवढ्याच जोराने वर लोटते. या वर लोटण्यालाच वैमानिक लिफ्ट म्हणतात.

आता हाच जोर पंखाला प्रत्यक्ष कसा जाणवतो ते पाहू. हवेचा प्रवाह कुठेही वळायचा तर त्याच्या बाहेरच्या बाजूला दाब जास्त आणि आतल्या बाजूला कमी असावा लागतो. त्याशिवाय हवा सरळ वाट सोडत नाही. पंखाच्या पाठीवरून हवा खाली वळते, म्हणजे वळणाची आतली बाजू पंखाकडे येते. वर दूर नेहमीचा दाब आणि पंखाच्या पाठीलगत त्याहून कमी दाब. पोटाच्या बाजूला याच कारणाने दाब थोडा वाढतो. या दोन दाबांतला फरक पंखाला वर उचलतो. हवा खाली लोटली जाणं आणि दाबात फरक पडणं ही लिफ्टची दोन वेगळी कारणं नाहीत. घटना एकच आहे. एकदा ती हवेच्या बाजूने सांगितली, एकदा पंखाच्या.

शाळेच्या पुस्तकांत मात्र अनेकदा एक तिसरंच स्पष्टीकरण भेटतं. पंखाची पाठ फुगीर, म्हणून वरच्या हवेची वाट लांब. खालच्या हवेबरोबर मागच्या कडेला एकाच वेळी पोचायचं म्हणून वरची हवा जोरात धावते. आणि जोरात धावणाऱ्या हवेचा दाब कमी असतो. यातलं शेवटचं वाक्य खरं आहे, ते बर्नुलीचं. पण वरच्या आणि खालच्या हवेने एकाच वेळी पोचावं असा कुठलाच नियम नाही. धुराच्या रेषा सोडून वाऱ्याच्या बोगद्यात पाहिलं तर वरची हवा खालच्या हवेच्या आधीच मागच्या कडेला पोचलेली दिसते. शिवाय वाटेच्या लांबीवरच सगळं अवलंबून असतं तर कवायती करणारी विमानं उलटी होऊन उडू शकली नसती, आणि सपाट पंखाचं कागदी विमानही तरंगलं नसतं. वरची हवा जोरात जाते ती पाठीलगतचा कमी दाब तिला पुढे ओढून घेतो म्हणून. हे चुकीचं स्पष्टीकरण इतकं सुटसुटीत आहे की ते हटता हटत नाही, पण मुलांना ते शिकवणं आता थांबवायला हवं.

किती हवा आणि किती जोर, याचा अंदाज यावा म्हणून एक खरं ग्लायडर घेऊ. एएसके-२१ हे जर्मन बनावटीचं दोन आसनी ग्लायडर जगभर शिकाऊ वैमानिकांसाठी वापरलं जातं. पंखांचा विस्तार १७ मीटर, पंखांचं क्षेत्रफळ जेमतेम १८ चौरस मीटर आणि दोन माणसांसकट वजन जास्तीत जास्त ६०० किलो. म्हणजे पंखाच्या दर चौरस मीटरवर ३३ किलोंचा भार. वातावरणाचा दाब प्रत्येक चौरस मीटरवर दहा टनांहून जास्त असतो. पाठ आणि पोट यांच्यातल्या दाबात एक टक्क्याच्या तिसऱ्या हिश्शाइतका फरक पडला की दोन माणसं आणि त्यांचं ग्लायडर हवेत राहतं.

हे ग्लायडर ताशी ९० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला २५ मीटरने जात असताना त्याचा पंख दर सेकंदाला साधारण सात टन हवेला हात घालतो आणि तिला खालच्या दिशेने एक मीटरपेक्षाही कमी वेग देतो. खूप हवेला अगदी हळू लोटणं, हीच या पंखाची खुबी. पंख निम्मा आखूड केला तर त्याच्या कचाट्यात येणारी हवा निम्मी नाही, सुमारे चौथा हिस्साच उरते. वजन तेवढंच पेलायचं तर त्या थोड्या हवेला चौपट वेगाने खाली लोटावं लागतं, आणि त्यात शक्तीही चौपट जाते. ग्लायडरचे पंख इतके लांब आणि अरुंद का, याचं उत्तर यात आहे.

लिफ्ट फुकट मिळत नाही. हवा खाली लोटण्यात शक्ती जाते, शिवाय हवा विमानाच्या अंगाला घासते. या दोन्हींचा मिळून रोध तयार होतो आणि तो विमानाला मागे ओढतो. त्याला पुरून उरणं एवढंच इंजिनाचं काम. एएसके-२१ मध्ये हा रोध ६०० किलोंच्या भाराला फक्त १८ किलोंचा असतो. एवढा ओढ देणारं काही असेल तर ग्लायडर सरळ पातळीत जात राहील. त्याला लागणारी ताकद सहा अश्वशक्तीहून कमी, साध्या ११० सीसी स्कूटरमध्ये असते त्याहूनही थोडी.

इंजिन नसेल तर हे १८ किलो कोण देणार? ग्लायडरचं स्वतःचं वजन. वैमानिक नाक किंचित खाली धरतो आणि ग्लायडर हवेतल्या एका अदृश्य उताराने निघतं. उतारावर वजनाचा एक छोटा हिस्सा पुढे ओढू लागतो. उतार पावणेदोन अंशांचा असला की तो हिस्सा बरोबर रोधाइतका होतो आणि वेग कायम राहतो. या उताराने जाताना दर ३४ मीटर पुढे गेल्यावर ग्लायडर एक मीटर खाली येतं. गिमलीच्या विमानाला एका मीटरला बारा मीटर मिळत होते. स्पर्धेतल्या आजच्या उत्तम ग्लायडरना पन्नासच्या वर मिळतात.

म्हणजे ग्लायडर उंची खर्च करून उडतं, आणि ती कुठून तरी मिळवावी लागते. पुण्याच्या लोकांनी हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरची पांढरी, लांब पंखांची विमानं पाहिली असतील. जमिनीवरचं विंच तारेने ग्लायडरला जोरात ओढतं, ग्लायडर पतंगासारखं तिरपं वर चढतं आणि माथ्यावर पोचल्यावर तार सोडून देतं. समजा ३५० मीटर उंची मिळाली. स्थिर हवेत एएसके-२१ सेकंदाला पाऊण मीटरच्या आतबाहेर उतरतं, म्हणजे आठ मिनिटांत पुन्हा जमिनीवर. शिकाऊ वैमानिकाची पहिली अनेक उड्डाणं अशी पाच-आठ मिनिटांचीच असतात.

मग काही ग्लायडर सकाळी अकराला उडून संध्याकाळी पाचला कशी उतरतात? ग्लायडर हवेच्या मानाने कायम खालीच येत असतं, पण ती हवाच वर चढत असेल तर हिशोब उलटतो. ऊन जमिनीवर सगळीकडे सारखं पडलं तरी जमीन सारखी तापत नाही. नांगरलेलं कोरडं रान, खडकाळ माळ, गावाची पत्र्याची छपरं लवकर तापतात. उसाचे फड आणि पाण्याखालची जमीन थंड राहते. तापलेल्या जागेवरची हवा शेजारच्या हवेपेक्षा अंश-दोन अंशच गरम असते, पण तेवढ्यावर ती सुटते आणि वर चढू लागते. असा वर जाणारा झोत म्हणजे थर्मल. दिवस चांगला असेल तर त्यातली हवा सेकंदाला तीन-चार मीटर चढते.

वर जाताना ही हवा प्रसरण पावते आणि दर शंभर मीटरला साधारण एक अंशाने थंड होते. तिच्यातली वाफ जिथे गोठून थेंब होतात तिथे कापसासारखा ढग धरतो. वैमानिकांचा एक सोपा ठोकताळा आहे: जमिनीवरचं तापमान आणि दवबिंदू यांत जितक्या अंशांचा फरक, तितक्यांदा १२५ मीटर, ही ढगाच्या तळाची उंची. मार्चमधल्या एखाद्या दुपारी दख्खनच्या पठारावर तापमान ३४ अंश आणि दवबिंदू १० अंश असेल, तर ढग झालेच तर त्यांचा तळ ३,००० मीटरवर असणार. पावसाळ्यात जमीन ओली आणि फरक तुटपुंजा, म्हणून उत्तम थर्मलचे दिवस आपल्याकडे उन्हाळ्याचे.

थर्मल डोळ्यांना दिसत नाही आणि फारसा रुंदही नसतो. दोनशे मीटर रुंदीचा झोत ग्लायडर सरळ गेलं तर आठ सेकंदांत ओलांडून पलीकडे जातं. म्हणून त्यात शिरताक्षणी वळावं लागतं. शिरल्याची पहिली खबर वैमानिकाला बसल्या जागी मिळते: आसन खालून ढकलल्यासारखं वाटतं, आणि झोत एका बाजूला असेल तर त्या बाजूचा पंख वर उचलला जातो. मन त्याच्यापासून दूर वळायला सांगतं. वळायचं असतं उचललेल्या पंखाकडेच. मग व्हेरिओमीटर बोलू लागतो. चढण्या-उतरण्याचा वेग दाखवणारं हे उपकरण, आणि त्याला आवाजही असतो, म्हणजे नजर बाहेर ठेवता येते. ग्लायडर ४५ अंश कलवून ताशी ९० किलोमीटरने फिरवलं तर वर्तुळ सुमारे १३० मीटर रुंद पडतं आणि एक फेरी सोळा सेकंदांत होते.

वळणात पंखाला जास्त भार पेलावा लागतो, म्हणून उतरण्याचा वेगही वाढतो. तो सेकंदाला एक मीटर धरू. झोत तीन मीटरने चढत असेल तर निव्वळ कमाई सेकंदाला दोन मीटर. आठ-सव्वाआठ मिनिटांत, तीसेक फेऱ्यांत, हजार मीटर मिळतात. ती शिदोरी घेऊन स्थिर हवेत ३४ किलोमीटर जाता येतं, आणि तेवढ्यात पुढचा थर्मल शोधायचा. सगळ्या लांब पल्ल्याच्या ग्लायडर उड्डाणांचा गाभा एवढाच आहे: फिरत चढायचं, सरळ घसरायचं, पुन्हा फिरायचं.

याच फिरण्यात धोकाही आहे. पंखाचा हवेशी असलेला कोन वाढवला की लिफ्ट वाढते, पण साधारण पंधरा अंशांपर्यंतच. त्यापुढे पाठीवरची हवा वळणाला धरून राहू शकत नाही, सुटते आणि भोवरे करू लागते. लिफ्ट एकाएकी घटते. हा स्टॉल. इंजिन बंद पडण्याशी याचा काहीही संबंध नाही. इंजिन पूर्ण जोरात असतानाही पंख स्टॉल होऊ शकतो. सरळ उड्डाणात एएसके-२१ ताशी ६५ किलोमीटरच्या आसपास स्टॉल होतं, पण ४५ अंशांच्या वळणात ताशी ७७ ला. आधी खुणा दिसतात: वाऱ्याचा आवाज मंदावतो, स्टिक ढिली पडते, अंग थरथरू लागतं. उपाय एकच, स्टिक पुढे ढकलून कोन कमी करणं. नाक खाली पडत असताना स्टिक मागे ओढावीशी वाटते; तसं ओढणाऱ्याचा स्टॉल आणखी खोल जातो, आणि एक पंख आधी सुटला तर ग्लायडर गिरक्या घेत कोसळतं. हजार मीटरवर यातून सहज सावरता येतं. उतरतानाच्या शेवटच्या वळणात, दीडशे मीटरवर, सावरायला जागा नसते, आणि जीवघेणे अपघात जास्त करून तिथेच होतात. माणसांच्या ग्लायडिंगचा पाया घालणारे ओटो लिलिएन्थाल सुमारे दोन हजार उड्डाणांनंतर, ९ ऑगस्ट १८९६ रोजी, असेच गेले. झोताने पुढची कड उचलली, पंख स्टॉल झाला, पंधराएक मीटरवरून ते पडले आणि दुसऱ्या दिवशी बर्लिनमध्ये वारले.

वळण नीट जमतंय की नाही हे सांगणारं ग्लायडरमधलं सर्वांत भरवशाचं उपकरण म्हणजे समोरच्या काचेवर बाहेरून चिकटवलेला लोकरीचा बोटभर धागा. तो काचेवर सरळ मागे पडला असेल तर हवा समोरून येतेय. तिरका असेल तर ग्लायडर कुशीवर घसरतंय, रोध वाढलाय आणि उंची वाया चाललीय. कधी मात्र हेच मुद्दाम करायचं असतं. गिमलीला पोचताना पिअर्सन फार उंच आणि फार वेगात होते. त्यांनी रडर एकीकडे आणि पंखांचा कल दुसरीकडे देऊन ते भलंमोठं विमान कुशीवर घसरवलं आणि जास्तीची उंची उधळून टाकली. ही युक्ती ग्लायडरवाले रोज वापरतात; प्रवासी जेटमध्ये ती कुणी वापरेल अशी कल्पना नसते.

थर्मलखेरीज वर जाणाऱ्या हवेचे आणखी दोन मोठे प्रकार आहेत. डोंगरावर आदळलेला वारा उताराने वर चढतो. कामशेतचे पॅराग्लायडर त्याच वाऱ्यावर तासन् तास राहतात. आणि उंच पर्वतरांग ओलांडून आलेली हवा पलीकडे लाटा काढत जाते, त्या लाटा पर्वताच्या माथ्याच्या कितीतरी वर पोचतात. सप्टेंबर २०१८ मध्ये अर्जेंटिनात अँडीजच्या लाटांवर स्वार होऊन पर्लन-२ हे ग्लायडर ७६,००० फुटांच्या वर गेलं, प्रवासी विमानांच्या जवळजवळ दुप्पट उंचीला.

या सगळ्याची मर्यादा ऊन आणि वारा यांची आहे. ऊन उतरलं की थर्मल विझतात, आणि लांब गेलेल्या वैमानिकाला घर गाठता येत नाही. म्हणून तो पुरेशी उंची हातात असतानाच खालचं शेत निवडून ठेवतो: लांब, वाऱ्याच्या दिशेचं, विजेच्या तारा नसलेलं, पीक कापलेलं. शेतात उतरणं हा अपघात मानला जात नाही, तो या खेळाचा भाग आहे.

हे सगळं ग्लायडर न पाहताही तपासता येतं. उन्हाळ्यात अकरानंतर गच्चीवर जा आणि वर्तुळं घेत फिरणारी घार शोधा. तिने शेवटचा पंख कधी हलवला ते घड्याळ लावून बघा, आणि तिच्या वर्तुळाचा मध्य वाऱ्याबरोबर कसा सरकतो तेही. ती जिथे फिरत असेल तिथे थर्मल असतो. ग्लायडरचे वैमानिकही तिला पाहूनच तिकडे वळतात.